कोमट पाण्याची परीक्षा

आमच्या घरात पत्रकं वाढली तशीच मीही वाढले. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. भुताखेतांवर, गंडेदोऱ्यांवर, पोटातून खडे काढणाऱ्या बुवांवर. रविवारी पनवेलच्या बाजारात ते नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा लपवायचे, वरून पाणी शिंपडून नारळ पेटवायचे, आणि मग शेंडी उलगडून युक्ती दाखवायचे. पत्रकाच्या शेवटी एकच ओळ असायची : विश्वास ठेवू नका, करून पाहा. माझं अक्षर चांगलं म्हणून सहावीपासून मजकूर उतरवून काढायचं काम माझ्याकडे होतं. ती ओळ मी किती वेळा लिहिली असेन, सांगता येणार नाही.

म्हणून जे घडलं त्याचा राग मला दुसऱ्या कुणावर पुरता काढता येत नाही.

माझा मामेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, तो बेलपाड्याचा. जमीन संपादनात गेली, बदल्यात गाळे आले, आणि एका गाळ्यात त्याने जिम काढली. जिमच्या काउंटरवर प्रोटीनचे डबे, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्यापुढे शिलाजीत. काळ्या डांबरासारखा चिकट पदार्थ, काचेच्या बुटक्या बाटलीत, सोबत इवलासा चमचा. चमच्याने खाण्याची लाज वाटणाऱ्यांसाठी कॅप्सूल. गिऱ्हाईक सगळं पुरुष. ‘स्टॅमिना’ हा शब्द मोठ्याने म्हणायचे आणि त्यामागचा दुसरा अर्थ डोळ्यांनी सांगायचे.

दादाने मला पत्रक लिहायला सांगितलं. मी आधी नाही म्हटलं. तर तो म्हणाला, बाजारात भेसळ फार आहे, कुणी गूळ जाळून विकतो, कुणी खरोखरचं डांबर. लोकांना खरं ओळखायला शिकव, हे तुझंच काम ना? त्याला माझी नस बरोबर ठाऊक होती. मी इंटरनेटवर दोन दिवस वाचलं आणि लिहिलं : फसू नका, घरी तपासा. खरं शिलाजीत कोमट पाण्यात पूर्ण विरघळतं, तळाशी गाळ राहत नाही. ज्योतीवर धरलं तर पेट घेत नाही, फुगतं आणि राख होते. फ्रीजमध्ये कडक होतं, बोटांत मऊ. आणि शेवटी आमच्या घरची ओळ.

दादाने ते लॅमिनेट करून काउंटरवर लावलं, शेजारी पाण्याचा ग्लास आणि मेणबत्ती ठेवली. प्रत्येक नव्या माणसासमोर तो प्रयोग करायचा. काळा ठिपका पाण्यात सुटायचा, पाणी चहासारखं तांबूस व्हायचं, माणूस मान डोलवायचा. मला अभिमान वाटला होता. हे इथे लिहून ठेवते.

बाबांना निवृत्तीनंतर लवकर थकायला व्हायला लागलं होतं. ते कुणाला बोलले नाहीत. दादाकडून पत्रकासकट एक बाटली आणली, आणि ती खोटी निघावी म्हणूनच असेल, स्वयंपाकघरात तिन्ही परीक्षा केल्या. तिन्हींत ती पास झाली. मग ते सकाळ-संध्याकाळ हरभऱ्याएवढं दुधातून घ्यायला लागले. मला कळलं ते सात महिन्यांनी.

तोवर त्यांचं पोट दुखायला लागलं होतं. पिळवटून दुखायचं, शौचाला व्हायचं नाही. सोनोग्राफीत काही सापडलं नाही. रक्त कमी झालेलं. थकवा वाढला म्हणून ते हरभऱ्याएवढी मात्रा वाटाण्याएवढी करत गेले. शेवटी स्टेशनजवळच्या एका डॉक्टरबाईंनी त्यांच्या हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली आणि विचारलं, “काही देशी औषध घेता का? पूड, भस्म, शिलाजीत?”

बाबा माझ्याकडे न बघता हो म्हणाले.

रक्तातल्या शिशाची तपासणी वेगळी सांगावी लागते, नेहमीच्या तपासण्यांत ती नसते. आकडा आला तेव्हा बाईंनी त्याभोवती पेनने गोल काढला. आधी ती बाटली बंद करा, म्हणाल्या. शिसं बाहेर काढायचं औषध सध्या नको, महिन्याने पुन्हा रक्त बघू. रक्तातलं शिसं हळूहळू उतरेल, पण हाडांत जे जाऊन बसलंय ते वर्षानुवर्षं राहील.

घरी येताना रिक्षात बाबा म्हणाले, “मी तपासलं होतं गं. पाण्यात विरघळलं.”

विरघळणारच. शिशाचे काही क्षार विरघळतात, बाकीचे इतके बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत. शिलाजीत खडकांतून पाझरतं, येताना खडकातलं काय काय घेऊन येतं. म्हणून ते शुद्ध करावं लागतं, आणि केलंय की नाही ते ग्लास सांगत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते. माझ्या तिन्ही परीक्षांनी फार तर गूळ पकडला असता.

मी न उघडलेली बाटली आणि कॅप्सूलची डबी प्रयोगशाळेत दिली. दोन्हींत शिसं मर्यादेच्या कितीतरी वर. अहवाल घेऊन जिममध्ये गेले. दादाने आधी आपल्याकडचा शुद्धतेचा दाखला पुढे केला. त्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा जुळत नव्हता. जुळेल कसा? माल उत्तरेकडच्या कुठल्यातरी व्यापाऱ्याकडून पाच किलोच्या डब्यात यायचा, दादा मागच्या खोलीत बाटल्या भरायचा.

“मग बाटलीवर हा नंबर कुठला?”

“माझ्या गाडीचा हाय, बाय. काहीतरी टाकायला लागतो ना.”

मी म्हटलं, बाबांच्या रक्तातला आकडा बघ. तो खरंच गडबडला, खुर्चीत बसला. मग म्हणाला, “आमी पन रोज खातो. आमाला काय नाय झालं.”

“रक्त तपासलंस?”

“नाय.” मग जरा हसून, “तुजाच कागद वाचून घेतात सगळे. मी कुटं काय बोलतो?”

त्या कागदाशेजारी अहवालाची प्रत ठेवून मी निघाले.

त्याच संध्याकाळी मी नवं पत्रक लिहायला बसले. शिलाजीत म्हणजे विष, ताकदीच्या नावाखाली निव्वळ थाप, असं तीन पानं. बाबा पलंगावर पोटाशी उशी धरून होते. त्यांनी लाल पेन मागितलं. ‘निव्वळ थाप’ त्यांनी खोडलं. अभ्यास वाचलेस का, म्हणाले. मी वाचले होते. शुद्ध केलेल्या शिलाजीतावर थोड्याशा माणसांवर, थोडे महिने केलेले मोजके प्रयोग आहेत. काहींत पुरुषांच्या संप्रेरकात, काहींत स्नायूंच्या थकव्यात फरक दिसला. त्यांतल्या काहींना पैसा विकणाऱ्यांचाच होता. मोठे, स्वतंत्र प्रयोग मला सापडले नाहीत.

“मग तेवढंच लिही. थोडा पुरावा आहे, कच्चा आहे. आणि तो या बाटलीबद्दल नाहीच.” ‘विष’ हा शब्दही त्यांनी खोडला. मग तिथे त्यांनी ‘या बाटलीत शिसं आहे’ असं केलं. शेवटी आमची ओळ होती. ती त्यांनी सरळ रेघ मारून खोडली, आणि खाली लिहिलं : घरी तपासता येत नाही.

पत्रक मी जिमच्या दारात उभी राहून वाटलं. अहवाल अन्न व औषध प्रशासनाकडेही दिला. पोच मिळाली आहे. दादाने मला हाकललं नाही. उलट पोरांना म्हणाला, घ्या, वाचा, आमची बहीण हाय. महिन्याभराने बाबांचा आकडा थोडा उतरला, आणि मी ते सांगायला गेले तेव्हा काउंटरवर नव्या नावाच्या बाटल्या होत्या, नव्या व्यापाऱ्याच्या. ग्लास तिथेच होता. एक तरुण वाकून पाण्याचा रंग बघत होता, आणि शेजारी लॅमिनेट केलेलं माझं पहिलं पत्रक.

मी ते उचललं. तो तरुण म्हणाला, “ताई, ठेवा ना, शेवटची परीक्षा राहिलीय.” आणि त्याने मेणबत्ती पेटवली.