रतनबाईची सुकडी

बहात्तर सालच्या दुष्काळात रतनबाई आठ वर्षांची होती. आईबाप पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत आणि दुपारी तिथल्या मोठ्या कढईतून मुलांना सुकडी मिळे. गव्हाचं पीठ, गूळ, थोडं तेल. फ्रॉकच्या ओच्यात घेतलेली ती गरम सुकडी खातखात रतन जगली, आणि गावातली तिच्या वयाची चार पोरं जगली नाहीत. त्या दिवसांपासून तिच्या मनात एक गोष्ट दगडासारखी बसली: लेकराला जगवायचं तर गहू चारायचा. ज्वारी काय, ती जनावरंही खातात.

पुढं वडवणीजवळच्या एका खेड्यात तिचं लग्न झालं आणि एकोणनव्वद साली ती तिथल्या अंगणवाडीची सेविका झाली. जात्याच तोंडाळ. पोराला आंघोळ न घालता आणलं तर आईला उंबऱ्यातूनच परत पाठवी, मग ती सरपंचाची सून का असेना. सरकारातून पोषण आहाराचा गहू येई आणि गावातल्या बायकांचा बचत गट तो भाजून, दळून सुकडी करी. पीठ नीट भाजलंय का हे रतनबाई स्वतः चिमूट तोंडात टाकून बघायची. कच्चं लागलं तर कढई परत चुलीवर. बायका मागून नावं ठेवत, पण तिच्या हाताखालून गेलेली पोरं धट्टीकट्टी निघत हेही कबूल करत.

गावात आश्रुबा आणि रुक्मिणीबाई हे म्हातारं जोडपं होतं. त्यांचा मुलगा त्रिंबक आणि सून वत्सला दसरा झाला की ऊस तोडायला जात, कुठल्यातरी सहकारी कारखान्याच्या फडात, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परतत. त्यांची थोरली मुलगी द्वारका आजीपाशी राही. पहिलं वर्ष पोर बरी होती. दात येऊन खायला लागली आणि तिथून तिची वाढ थांबली. पोट पुढं, हातपाय काटक्या, चेहरा पिवळा. दिवसातून चार-पाच वेळा भसाभस पांढुरकी, तेलकट शी व्हायची, आणि तिचा वास असा की आजी नाकाला पदर लावायची. सतत किरकिर. कुणी म्हणे मुडदूस, कुणी म्हणे नजर.

दोन हजार बाराला पाऊस आला नाही. शेतात ज्वारीचं पीक उभं राहिलंच नाही. सोसायटीच्या रेशन दुकानातून गहू आणि तांदूळ मिळे, त्यावर घर चाले. रतनबाईच्या वजनाच्या तक्त्यावर द्वारकेची रेघ आधी सरळ आडवी गेली आणि मग खाली उतरू लागली, धोक्याच्या तांबड्या पट्ट्यात. रतनबाईनं कंबर कसली. सगळ्या पोरांना एक वाटी सुकडी, तर द्वारकेला दोन. वरून घरी नेऊन तिच्यासाठी स्वतः तुपाची चपाती करायची. पोर तोंड फिरवी, तर ही मांडीवर घेऊन, काऊ-चिऊ करत, घास कोंबी.

एक दिवस रुक्मिणीबाई अंगणवाडीच्या दारात येऊन म्हणाली, "रतन, तिला चपाती देऊ नगं गं. चपाती खाल्ली की पोट ढोल व्हतं आन् रातभर रडती. भाकर सोसती तिला."

"काकू, काय बोलताय तुमी?" रतनबाई पोरांसमोरच कडाडली. "भाकरीवर काय जगणार हाय ती? आन् भाकर तरी आणणार कुठून? सरकार गहू देतंय फुकट, तुमी कावून लेकराच्या तोंडचा घास काढताय?"

"मी काढंन व्हय तिच्या तोंडचा घास?" एवढंच म्हणून म्हातारी मागं फिरली.

म्हातारी उगाच बोलत नव्हती. आदल्या हंगामात वत्सलानं द्वारकेला फडावर नेलं होतं. तिथं पाचटाच्या कोपीत सहा महिने घरून नेलेल्या बाजरीची भाकरी आणि कालवण, गव्हाचा दाणा नाही. पोर परत आली ती अंगानं भरून, चक्क धावत. रतनबाईनं वजन घेतलं तेव्हा दीड किलो वाढलं होतं. "उसाचा रस मानवला," असं तिनं ठरवून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुकडी पुन्हा सुरू केली. खूण डोळ्यांसमोर होती. तक्त्यावर तिनं स्वतःच्या हातानं तो ठिपका काढला होता. पण बाईला बहात्तर सालची कढई दिसत होती, दुसरं काही दिसायला जागाच नव्हती.

तेरा सालच्या मे महिन्यात द्वारकेला जुलाब लागले ते थांबेनात. टँकरच्या पाण्यानं गावात बऱ्याच पोरांची पोटं बिघडली होती, ती दोन दिवसांत उठून खेळायला लागली. द्वारकेच्या अंगात उठायला काही उरलंच नव्हतं. जीपनं वडवणीला नेलं, सलाइन लागलं, पहाटे ती गेली. चार वर्षांची पोर, वजन नऊ किलो तीनशे. रतनबाईनं नोंद केली: अतिसार. मग कपाटामागं जाऊन पदरात तोंड घालून रडली, कारण एवढं चारूनही पोर हाती लागली नाही.

धाकटी वैजंता तेव्हा चार महिन्यांची होती.

दोन हजार सोळा उजाडलं, पुन्हा तसलाच कोरडा दुष्काळ, आणि वैजंतेचं पोट पुढं आलं. तेच पिवळं तोंड, तीच शी. तीन वर्षांची मुलगी पावणेनऊ किलो. रतनबाईनं जुना तक्ता काढून नव्याशेजारी ठेवला. दोन रेघा अशा सारख्या की एकीवरून दुसरी गिरवली असावी. या खेपेला तिनं वाटी वाढवली नाही. तिला भीती वाटली. दोन्ही तक्ते पिशवीत घातले आणि रुक्मिणीबाईला व नातीला घेऊन ती एसटीनं अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली.

पोरांच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, रतनबाईच्या मुलीएवढ्या. त्यांनी तक्ते बघितले, पोट चाचपलं आणि विचारलं, "काय खाल्ल्यावर जास्त होतं?"

रतनबाई काही बोलायच्या आत म्हातारी म्हणाली, "चपाती खाल्ल्यावर. थोरलीला बी तसंच व्हतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, जंत असतील, आतड्याचा क्षय असेल, तेही तपासू. पण एक आजार असा आहे की त्यात गहूच सोसत नाही. रक्त तपासायचं, मग तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून बघायचा. "तोवर गहू बंद करू नका. बंद केला तर आतडं सुधारायला लागतं, आणि तपासणीत आजार सापडत नाही."

नळीच्या तपासणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

रुक्मिणीबाईनं घरी येताच गव्हाचा डबा माळ्यावर टाकला होता. रतनबाई रोज सकाळी जाई आणि तो उतरवायला लावी. म्हातारी भडकायची. "कसाई हायस का गं तू? गहू इख हाय म्हणून सांगितलं डाक्टरीणबाईनं, आन् तू पुन्ना चारायला लावती?" रतनबाई चपातीचा तुकडा दुधात कुस्करून वैजंतेला भरवी, पोर तोंड फिरवी, आणि प्रत्येक घासाला तिला दुसरी पोर आठवे. काऊचा घास, चिऊचा घास. एकवीस दिवस तिनं हे केलं. घरी नवऱ्यानं विचारलं तर म्हणायची, डोकं दुखतंय.

तपासणीत निघालं तेच. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं: आजाराचं नाव सिलिअॅक. आतड्याला आतून टॉवेलसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व ती शोषून घेते. काही मुलांच्या बाबतीत गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं, आणि लव झडून ते सपाट होतं. मग कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही, आणि गहू खाल्ला की आणखी झडते. औषध एकच, गहू आणि जव जन्मभर बंद. रवा, मैदा, बिस्किट, काही नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका चालेल. हा आजार घराण्यात उतरतो, म्हणून आईबापांचंही रक्त तपासा.

"थोरलीला हेच असंल का?" रतनबाईनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी द्वारकेचा तक्ता पुढं ओढला. "तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. पण तसंच दिसतंय. हे इथं मध्येच वजन वाढलंय, तेव्हा काय खात होती?"

"बाजरी," रतनबाई म्हणाली.

येताना एसटीत दोघी शेजारी बसल्या. वैजंता आजीच्या मांडीवर झोपली होती.

मग ज्वारीची शोधाशोध सुरू झाली. त्रिंबकनं परळीच्या बाजारातून पोतं आणलं. पण महिना झाला तरी पोरीचं पोट उतरेना. रतनबाईनं डोकं लावलं तेव्हा कळलं, सोसायटीच्या गिरणीत सगळं गाव रेशनचा गहू दळतं, आणि त्याच जात्यात मागून यांची ज्वारी. मागं राहिलेलं तेवढं गव्हाचं पीठही पोरीला बाधायला पुरे होतं. म्हणून रुक्मिणीबाईनं सासूच्या काळचं दगडी जातं परसातून आणून, टाकीचे घाव घालून पुन्हा खरबरीत करून घेतलं. म्हातारीच्या एकटीच्या हातानं ते ओढवेना. रतनबाई अंगणवाडीला जायच्या आधी रोज तिच्यासमोर खुंट्याला हात लावून बसू लागली. अंगणवाडीत सुकडी अजूनही तीच भाजून घेत होती, बाकीच्या पोरांना ती मानवत होती. फक्त चिमूट तोंडात टाकायचं तिनं सोडलं. वैजंतेसाठी ज्वारीच्या पिठाचा वेगळा डबा, वेगळी वाटी.

पोरीची शी आधी सुधारली, मग किरकिर गेली. दिवाळीनंतर वजन साडेदहा किलो भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जात्यावर बसताना रतनबाईनं म्हातारीला ते सांगितलं.

रुक्मिणीबाईनं मूठभर ज्वारी जात्यात सोडली. "आन् द्वारकीचं किती व्हतं, शेवटी?"

"नऊ तीनशे."

जातं दोन-तीन फेरे फिरलं.

"मी सांगितलं व्हतं तुला," म्हातारी म्हणाली. आवाज चढवला नाही.

दवाखान्यातून परतल्यापासून रतनबाई या वाक्याची वाट बघत होती. तिनं किती उत्तरं जुळवून ठेवली होती: बहात्तर साल, सरकारचं शिक्षण, तक्ते, मला तरी काय कळणार.

"व्हय काकू. सांगितलं व्हतं. मी माझ्या हातानं चारलं तिला."

म्हातारीचा हात थांबला. रतनबाईला वाटलं, आता ही खुंटा सोडून उठणार, आणि उठली तर उद्यापासून या दारात पाऊल टाकायचं नाही. वैजंता आतून उठून आली, डोळे चोळत, आणि भाकरी मागू लागली. रुक्मिणीबाईनं पदरानं डोळे पुसले, पोरीकडे बघितलं आणि पुन्हा खुंट्याला हात घातला.

"ओढ," ती म्हणाली. "तिला भूक लागली हाय."