यादवच्या फोनमधला खेकडा

शाळेतल्या मोहिनीबाईंचा स्वतःचा फोन इतका जुना होता की त्यात फोटो जोडून फिल्म करायचं ॲप बसत नव्हतं. म्हणून शनिवारी त्यांनी गावातल्या यादवचा फोन मागून आणला. तो पेठ गावापर्यंत प्रवाशांची जीप चालवायचा. "दुपारपर्यंत ठेवा बाई, पण बंद नका करू. गिऱ्हाइकाचे फोन येत्यात," एवढं तो बजावून गेला.

वर्गातल्या पोरांनी शेतातल्या चिकणमातीचा खेकडा केला होता. तो बिळातून निघून भाकरी पळवणार, अशी फिल्मची गोष्ट. फोन दोन विटांमध्ये घट्ट बसवला. खेकडा किंचित सरकवायचा, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. असे बारा फोटो म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद.

पहिल्या फेरीत खेकडा चालण्याऐवजी थरथरला. बटण दाबताना फोन हलत होता. मग बाईंनी इअरफोन जोडला आणि त्याच्या आवाजाच्या बटणानं फोटो घेतले. ढग आला की चित्र काळवंडे; तेव्हा खिडकीला गोणपाट लावून त्यांनी दिवा पेटवला आणि पडद्यावर बोट दाबून धरून उजेड पक्का केला, म्हणजे फोन तो आपोआप कमीजास्त करणार नाही.

आता खेकडा झकास चालू लागला. भाकरीपाशी पोचला, आणि फोन वाजला.

"हॅलो!" बाईंनी सवयीनं फोन उचलला, इअरफोन उपटला आणि फोन कानाला लावला.

"बाई!" पोरं एका सुरात ओरडली.

यादवचं गिऱ्हाईक होतं. बाईंनी त्याच्यासाठीचा निरोप लिहून घेतला, पण त्यांचं तोंड उतरलं. आता फोन तिथंच, तसाच कसा बसणार? सगळं पहिल्यापासून?

बाईंनी फोन परत विटांत ठेवला, तशी पोरांतली संजना पडद्यात डोकावली. "बाई, इथं दोन खेकडं दिसत्यात. एक भुतासारखा."

बाई खुदकन हसल्या. ॲपमध्ये मागचा फोटो पुसट दिसत होता! वीट तसूभर इकडे, फोन जरा खाली. दोन भाकऱ्यांची एक भाकरी झाली, मग दोन खेकड्यांचा एक.

"बसला!" वाळू नावाचा पोरगा ओरडला.

तेवढ्यात यादव दारात आला. "बाई, निघायचं हाय. माणसं खोळंबलीत."

"थोडंच राहिलंय हो. या, भाकरी तुम्हीच ओढा. एकदम नको, कणभर."

यादव मांडी घालून बसला. खेकड्याची नांगी तुटली, ती त्यानंच थुंकी लावून चिकटवली. जीपमधली भागीबाई बोलवायला आली आणि तीही तिथंच टेकली.

शेवटी बाईंनी फोटो जोडून फिल्म लावली. खेकडा तुरुतुरु आला, भाकरी घेऊन बिळात शिरला. संपलंच!

"एवढंच?" भागीबाई म्हणाली. "लय ग्वाड हाय. परत लाव."

यादवनं पाच वेळा लावली. मग फोन खिशात घालून जीपकडे पळाला, आणि बसलेल्या प्रवाशांना आधी खेकडा दाखवून मगच त्यानं गाडी सुरू केली.