कॉक्स म्हणजे नक्की काय?

हिंजवडीला कंपन्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणी एकेक करून तिकडच्या बसमध्ये चढत होत्या, त्या दिवसांत मी शहरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात रेकॉर्ड सेक्शनला लागले. आमची जागा तळघरात. घरी गेलेल्या पेशंटच्या फाइली वॉर्डातून आमच्याकडे येत. त्या वाचायच्या, डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक निदानाला जाडजूड पुस्तकातून कोड शोधायचा आणि तो सेक्शनच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरमध्ये भरायचा. कॉम्प्युटरवर फुलाफुलांचं कापड असे. ते काढायचा मान रोज सकाळी आमच्या बाईंचा.

बाई म्हणजे सेक्शनच्या प्रमुख. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेली, कडक इस्त्रीची सुती साडी, बोलणं मोजकं. मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "बाई, अक्षर लागलं नाही तर अंदाजाने भरायचं का?" त्या म्हणाल्या होत्या, "अंदाज हवामान खात्याकडे असतात. आपल्याकडे फाइली असतात."

एका दुपारी माझ्यासमोर चाळिशीतल्या एका बाईंची फाइल आली. हिंजवडी गावात त्या कंपनीतल्या मुलांसाठी खाणावळ चालवत. ताप आणि खोकला म्हणून दाखल झालेल्या, आठवडाभराने बरं वाटून घरी गेलेल्या. कार्डावर अंतिम निदान होतं: न्युमोनिया. आणि त्याखाली एकच शब्द, कॉक्स.

क्षयाला डॉक्टर लोक कॉक्स म्हणत. नातेवाइकांसमोर टीबी म्हटलं की घरात रडारड सुरू होते, म्हणून हा आडून बोलायचा शब्द. पण इथे त्याचा अर्थ काय घ्यायचा? आता झालेला क्षय, की पूर्वी होऊन बरा झालेला? दोन्हींचे कोड वेगळे. मी फाइल चाळली. पूर्वेतिहासात लिहिलं होतं, आठ वर्षांपूर्वी कॉक्स, औषधं पूर्ण. थुंकीच्या दोन तपासण्या निगेटिव्ह. घरी जाताना दिलेल्या औषधांत क्षयाची एकही गोळी नाही. मला उत्तर सापडलंच होतं. मी चौकशीची चिठ्ठी लिहिली: 'सर, कार्डावरील कॉक्स म्हणजे जुना, बरा झालेला आजार असे धरावे ना? कृपया सही करावी.'

बाईंनी ती वाचली आणि परत माझ्यापुढे सरकवली.

"निदान कोणी केलं, तू की डॉक्टरांनी?"

"डॉक्टरांनी."

"मग उत्तर तू का लिहिलंस? असं लिहिलंस तर ते घाईत सही ठोकतील. आपण सुचवायचं नाही. फाइलमध्ये जे आहे ते सगळं मांडायचं आणि विचारायचं. सगळं म्हणजे आपल्याला सोयीचं तेवढं नाही."

मी जरा घुश्शातच फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली. सिस्टरांच्या नोंदींत एक ओळ मघाशी माझ्या नजरेतून सुटली होती: थुंकीचा तिसरा नमुना लॅबला पाठवला. तारीख डिस्चार्जचीच. त्याचा रिपोर्ट मात्र फाइलमध्ये कुठेच नव्हता.

नव्या चिठ्ठीत मी पूर्वेतिहास लिहिला, दोन रिपोर्ट लिहिले, तिसरा नमुना गेल्याची नोंद आहे पण रिपोर्ट मिळत नाही हेही लिहिलं, घरी दिलेली औषधं लिहिली. शेवटी विचारलं: 'अंतिम निदानातील कॉक्स या शब्दाचा अर्थ कृपया स्पष्ट करावा. सध्याचा आजार, पूर्वी बरा झालेला आजार, अन्य काही, किंवा सांगता येत नाही.' बाई "हं" म्हणाल्या. त्यांच्या लेखी ती शाबासकी होती.

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर डॉक्टरांनी मला बोलावलं. मोठे डॉक्टर, भोवती दोन निवासी डॉक्टर उभे. चिठ्ठी त्यांच्या हातात.

"हे आपण लिहिलंत?"

"हो सर."

"तीस वर्षं मी छाती तपासतोय. आता तळघरातून विचारणा येणार का, की डॉक्टर, तुम्हाला काय म्हणायचंय?"

माझे कान तापले. तरी मी म्हणाले, "सर, मला काय म्हणायचंय ते भरायची मला परवानगी नाही. म्हणून विचारलं."

निवासी डॉक्टरांपैकी एकाने खाली पाहिलं. कार्ड त्यानेच लिहिलेलं असावं. तो हळूच म्हणाला, "सर, मी जुन्या हिस्ट्रीतून उतरवलं होतं." डॉक्टर त्याला काहीतरी सुनावणार होते, पण त्यांची नजर चिठ्ठीतल्या मधल्या ओळीवर थांबली.

"तिसरा रिपोर्ट कुठंय?"

"फाइलमध्ये नाही सर."

त्यांनी स्वतः लॅबला फोन लावला. पलीकडे रजिस्टरची पानं उलटली जात होती, तोवर ते पेन टेबलावर टकटक करत राहिले. मग टकटक थांबली. तिसरा नमुना पॉझिटिव्ह होता. रिपोर्ट वॉर्डात पोचेपर्यंत पेशंट घरी गेलेली, फाइल खाली आमच्याकडे आलेली, आणि तो कागद वॉर्डाच्याच एका ट्रेमध्ये पडून राहिलेला.

फाइलमध्ये फोन नंबर होता तो शेजारच्या किराणा दुकानाचा. निवासी डॉक्टरने फोन उचलला तसे डॉक्टर म्हणाले, "दुकानदाराला आजाराचं नाव सांगायचं नाही. तपासणी राहिली आहे, उद्या सकाळी या, एवढंच."

खाणावळवाल्या बाई आल्या. डॉक्टरांनी एका रिपोर्टवर भिस्त ठेवली नाही. पुन्हा एक्स-रे, पुन्हा नमुने झाले. क्षय उलटला होता. त्यांना सरकारी केंद्रात पाठवलं. दिवसाआड, कर्मचाऱ्यासमोर गोळ्या घ्यायच्या, आणि आधी एकदा उपचार झालेले म्हणून सुरुवातीला दोन महिने सुयाही.

चार-पाच दिवसांनी डॉक्टर चक्क जिना उतरून तळघरात आले. मी उभी राहिले. त्यांनी फाइल मागितली, कॉक्स या शब्दावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी निदान पूर्ण शब्दांत लिहिलं: फुप्फुसाचा क्षय, पुन्हा उद्भवलेला, थुंकी पॉझिटिव्ह. खाली तारीख आणि सही. मग बाईंना म्हणाले, "तुमच्या मुलीने नुसता अंदाज लिहून पाठवला असता, तर मी सही केली असती."

बाई म्हणाल्या, "माहीत आहे. म्हणूनच पाठवू दिला नाही."

ते हसले. मी मात्र फाइलमध्ये तोंड घातलं. माझी पहिली चिठ्ठी बाईंच्या टेबलाखालच्या टोपलीत गेली होती, आणि ती तिथे जाऊन पडली याचा मला झालेला आनंद कोणाला सांगण्यासारखा नव्हता.

त्या दिवशी बाईंनी कॅन्टीनमधून तिघांसाठी चहा मागवला. डॉक्टर आमच्या डुगडुगत्या स्टुलावर बसून तो प्यायले आणि पुस्तक उघडून कोड कसे शोधतात ते विचारत राहिले.

पुढे मी खराडीला एका कंपनीत गेले. काम तेच, फाइली सातासमुद्रापलीकडच्या आणि पडद्यावर. शंका आली की ठरावीक चौकट भरायची, बटण दाबायचं. उत्तर एका ओळीत येतं. डॉक्टर रागावतही नाहीत, जिना उतरून येतही नाहीत. नव्या मुलींना मी चिठ्ठी कशी लिहायची ते शिकवते तेव्हा आवाज माझा असतो, वाक्यं बाईंची.

खाणावळवाल्या बाईंना मी एकदाच पाहिलं, रुग्णालयात असतानाच. उपचार पूर्ण झाल्यावर त्या कार्डाची प्रत न्यायला आमच्या खिडकीशी आल्या. अंगाने भरलेल्या, कपाळावर घाम. मी कोण हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"जरा लवकर बघा हो ताई," त्या म्हणाल्या, "कणीक भिजवून आलेय."

मी प्रत काढली, शिक्का मारला आणि त्यांच्या हातात दिली.