चंद्राला दोन, चपलेला शून्य

सासऱ्यांनी सासूबाईंवर लिहिलेल्या गाण्याला मी दहापैकी चार गुण दिले.

त्यांनी गुण मागितले नव्हते. "जावईबापू, जरा नजर टाका," एवढंच म्हणाले होते. पण हॅम्बर्गमध्ये माझी नोकरी विमानाच्या दरवाज्यांची कागदपत्रं तपासण्याची. बरोबर ते हिरवं, शंकास्पद ते पिवळं, चूक ते लाल. नजर टाका म्हटलं की माझा हात आपोआप पेनांच्या डब्याकडे जातो. शिवाय दहावीला मराठीत अलंकारांचे सगळे गुण मिळवलेला मी माणूस. ती फुशारकी मारायला इतक्या वर्षांत कुणी संधीच दिली नव्हती.

सासूबाई जाऊन पाच-सहा महिने झाले होते. सासरे सांगलीत एकटे राहिले म्हणून बायकोने त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आणलं. आले ते गप्पच. जेवा म्हटलं की जेवायचे, फिरायला चला म्हटलं की कानटोपी घालून दाराशी उभे राहायचे. सासूबाईंचा विषय निघाला की हवेबद्दल बोलायचे, आणि हॅम्बर्गच्या हवेबद्दल बोलण्यासारखं एकच असतं, पाऊस. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस पावसावर किती बोलणार? बायको रोज धास्तावलेली. "बाबा असेच परत गेले तर तिकडे काय करतील," हे वाक्य ती भांडी आवरताना स्वतःशीच म्हणायची.

अशात त्यांनी गाणं लिहिलं, आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ते स्वतः म्हणणार म्हणाले, तेव्हा आम्हाला किती हलकं वाटलं असेल. गाणं चार कडव्यांचं होतं:

चेहरा तुझा चंद्रासारखा, हसणे जणू मोती,
रडलो इतका तुझ्यावाचुनी, पुरात बुडली शेती.

दारामधली चप्पल तुझी रोज मला विचारी,
'आटपले का? निघायचे ना? झाली माझी तयारी.'

एका कपाचा चहा मांडला, आधण येता येईना,
पातेल्याचा समुद्र झाला, काठ कुठेही दिसेना.

घड्याळ चाले, मीही चाले, चालणे हे कसले?
दोघे आपले जागच्या जागी भिंतीपाशी बसले.

मी पेनं काढली. 'चंद्रासारखा': उपमेय चेहरा, उपमान चंद्र, साम्यवाचक शब्द 'सारखा'. उपमा, हिरवं, दोन गुण. 'जणू' दिसलं की डोळे मिटून उत्प्रेक्षा, एक गुण. पुरात शेती बुडाली, म्हणजे अतिशयोक्ती, तीही सणसणीत, आणखी एक. झाले चार.

पुढच्या कडव्यांत मात्र माझी पंचाईत झाली. चप्पल बोलते, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, म्हणजे चेतनगुणोक्ती. अलंकार ओळखला मी, पण चप्पल ही काय गाण्यात आणायची वस्तू? शून्य. पातेल्यावर तर मी लाल शेरा मारला: 'पातेले व समुद्र यांत साम्य नाही. शिवाय कमी पाण्याला आधण लवकर येते.' घड्याळाच्या कडव्यात ना 'सारखा' ना 'जणू', आणि घड्याळ चालतं हे तर आपण सगळेच रोज म्हणतो. त्यापुढे लिहिलं, 'अलंकार नाही.' खाली सूचना: चपलेऐवजी पारिजातक, पातेल्याऐवजी विरहाचा सागर, घड्याळ वगळावे.

सासऱ्यांनी ते कागद शांतपणे वाचले. "बरंच तपासलंत," म्हणाले. मला ते कौतुक वाटलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझं ऐकलं. दोन दिवस टेबलाशी बसून गाणं सुधारलं, आणि कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी बायको पोळ्या लाटत असताना तिला म्हणून दाखवलं. अंगणातला पारिजात 'माझी राणी कुठे गेली' असं विचारत होता. विरहाच्या सागरात नाव बुडत होती. चंद्र तीनदा आला होता.

बायकोचं लाटणं थांबलं.

"हे कुणाचं गाणं आहे?" तिने विचारलं.

"तुझ्या आईचं."

"आपल्या घरी पारिजातक कधी होता, बाबा?"

"जावईबापूंनी सांगितलं, चप्पल बरी दिसत नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. विमानाचा दरवाजा हवेत उघडला तर आतली माणसं असंच बघत असावीत. (ही उपमा मी आज करतो आहे. तेव्हा मला काही सुचत नव्हतं.)

"राहू दे," सासरे म्हणाले. "मलाही म्हणताना गोडी लागेना. उद्या दुसऱ्या कुणाला तरी गाऊ दे." आणि कानटोपी घालून खिडकीशी जाऊन बसले. पाऊस पडतोय म्हणाले.

बायको खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. गाण्यापुरता उघडलेला माणूस पुन्हा मिटला होता, आणि तो मी मिटवला होता, तेही हिरव्या पेनाने.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमची मुलगी होती, आठवीतली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. त्याच आठवड्यात तिचा कवितेचा पेपर परत आला होता. तयारी माझ्याकडून करून घेतलेली, आणि तिला मिळाले होते 'चार'. इथे एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास, त्यामुळे चाराला पेढे वाटत नाहीत. उपमा, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती, तिने कवितेतलं सगळं शोधून काढलं होतं. बाईंनी प्रत्येकापुढे एकच शेरा लिहिला होता: 'ना उंड?' म्हणजे, बरं, मग?

"मग म्हणजे काय हवंय त्यांना?" मी तेव्हा चिडून विचारलं होतं. त्यावर तिने खांदे उडवले होते. बाई वर्गात म्हणतात, अलंकार काढून टाका आणि तीच गोष्ट साधी सांगा. काय कमी झालं ते लिहा. काहीच कमी झालं नाही, तर तेही लिहा.

आता ती माझे लाल-हिरवे कागद उलटे करून बघत होती. "ना उंड?" ती पुटपुटली. मला उद्देशून होतं की सवयीने, देव जाणे.

मी जुना कागद घेतला आणि खिडकीशी गेलो. धीर नव्हता, पण उद्या कार्यक्रम होता.

"बाबा, एक विचारू? चंद्रासारखा चेहरा असं नुसतं काढून टाकलं, तर आईंचं काय जाईल?"

"काही नाही," म्हणाले. "ती काळीसावळी होती. गाण्यात घालतात म्हणून घातला चंद्र."

"आणि मोती?"

"दात पुढे होते तिचे. हसताना पदर धरायची."

माझे तीन गुण गेले. मी पुराकडे वळलो. "रडलो इतका—"

"मी रडलो नाही," ते मला तोडत म्हणाले. "एकदाही नाही. माणसं येत होती, दाखले काढायचे होते, कुणीतरी उभं राहायला हवं होतं. आणि पूर मी पाहिलाय, जावईबापू. घरात शिरतो तो. रडून येत नाही पूर."

बायकोचं दार उघडलेलं मला ऐकू आलं. ती बाहेर आली नाही, तिथेच उभी राहिली.

"मग समुद्रसुद्धा वाढवूनच सांगितलेला आहे," मी म्हणालो. मला खरंच कळत नव्हतं. एक अतिशयोक्ती खोटी आणि दुसरी खरी, हे कसं?

"त्यात काय वाढवलंय?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "चाळीस वर्षं दोघांचा चहा एकाच पातेल्यात केला. एकाचं पाणी ओतलं तर ते तळाशी कुठेतरी पडून असतं. उकळतं लवकर, हो, मला कळतं तेवढं. मी बघत उभा असतो, म्हणून वेळ लागतो."

मी ती ओळ मनात साधी करून पाहिली: पातेलं एका माणसाला मोठं होतं. गोष्ट तीच राहिली, पण तिथे उभा असलेला माणूस नाहीसा झाला. पुराच्या ओळीत तो माणूस मुळात नव्हताच. नुसतं पाणी होतं.

चपलेचं मला विचारावं लागलं नाही. दारातून बायकोच म्हणाली, "आई नेहमी अर्धा तास आधी तयार. चप्पल घालून बसायची, आणि बाबांचा शर्ट सापडायचा नाही. ते शब्द चपलेचे नाहीत. आईचेच आहेत." मग माझ्याकडे वळून, "पारिजातक 'आटपले का' असं विचारतो का रे कधी?"

"नाही," मी म्हणालो.

राहिलं घड्याळ. चालणं हा शब्द इतका घासलेला की घड्याळाला आपण पाय दिलेत हेच विसरून गेलोय. सासऱ्यांनी त्याला 'चालणे हे कसले' विचारलं आणि शेजारी बसवून घेतलं, तेव्हा ते पाय पुन्हा दिसले. तिथे खूणशब्द नव्हता म्हणून मी पाटी लावली होती, 'अलंकार नाही'. सगळ्यांत मोठा तोच होता. हे मी त्यांना समजावून सांगायला लागलो, तर ते म्हणाले, "असेल. मला झोप आलीय."

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांनी गाणं म्हटलं, पहिलं कडवं गाळून. थेट चपलेपासून सुरुवात. आवाज सुरात नव्हता. 'झाली माझी तयारी'पर्यंत आले आणि थांबले. सगळ्यांना वाटलं विसरले. मागून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, त्या मध्येच विरल्या. ते माइक धरून उभेच. बायको उठली, पण त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली. मग उरलेली दोन कडवी त्यांनी न गाता, नुसती वाचावीत तशी म्हटली आणि खाली उतरले. फराळाच्या टेबलाशी कुणी त्यांच्याशी बोलायला धजेना. मला अजूनही ठरवता येत नाही की आम्ही त्यांना बरं केलं की एक झाकलेली जागा उघडी केली. त्या रात्री ते जेवले नाहीत. पण सासूबाईंचं नाव मात्र दोनदा घेतलं, आणि पावसाबद्दल बोलले नाहीत.

कार्यक्रमाहून घरी येताना आम्ही बंदरावरून फेरीबोट घेतली होती. एल्ब नदीवर दिव्यांचा उजेड पडला होता. सासरे कठड्याशी एकटे उभे होते. शेजारी जाऊन काहीतरी बोलायला हवं, असं मला वाटलं.

"बाबा," मी म्हणालो, "ते कागद तुम्हाला दिले ना मी, तेव्हापासून काळजावर जणू दगड—"

त्यांनी कानटोपी सरळ केली.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही विमानाचे दरवाजेच तपासा. तिथं निदान कुठला उघडत नाही ते तुम्हाला कळतं."