कापणीच्या दिवशी आजारी पडलेले सासरे

आमच्या घरात तोंडाळ म्हणून माझं नाव. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "थोरलीच्या जिभेला हाड नाही आणि धाकट्याच्या तोंडात जीभ नाही." धाकटा म्हणजे माझा दीर, आमचे भाऊजी. पोटातलं ओठावर कधी येऊ देणार नाहीत. आणि ज्या दिवशी दोघांपैकी कुणीतरी एकानं बोलायला हवं होतं, त्या दिवशी मीसुद्धा गप्प बसले. ते आठवलं की अजून माझी मला लाज वाटते.

भाऊजी शहरात एका कार्यालयात कारकून. घरात नोकरीला लागलेले पहिलेच. पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, तेव्हा सासरे बांधावर उभे राहून एसटी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. पण पुढे पुढे भाऊजींचं काहीतरी बिनसलं. घरी आले की कामाला वाघ. ट्रॅक्टर चालवतील, पोती उचलतील. आणि परत जायच्या आदल्या संध्याकाळी दगडानं हात घासत बसतील. एकदा मी विचारलं, "काय हो भाऊजी, हात झिजवून नवीन काढताय का?" तर नुसते हसले. नखाखालची काळी रेघ निघेपर्यंत घासत राहिले. कार्यालयात त्यांनी सांगून ठेवलं होतं की गावाकडे थोडीशी जमीन आहे, वाट्यानं दिलीय. वाट्यानं कसली? आम्हीच राबत होतो की.

याला कारणही होतं. आदल्या वर्षी त्यांनी अर्जात सरळ लिहिलं होतं, गव्हाच्या कापणीसाठी हक्काची रजा मिळावी. शेजारच्या टेबलावरचे लोक महिनाभर हसले. "साहेब, याला कापणीची रजा देताय, मग नांगरणीला बढती द्या!" वरून रजेचा तरी उपयोग झाला का? तर नाही. तिथला नियम असा की हक्काची रजा आठवडाभर आधी मागायची. आणि गहू कापायचं मशीन असतं फिरतं. एका गावातून दुसऱ्या गावात, एका शेतातून दुसऱ्या शेतात. मशीनवाल्याचा फोन आदल्या संध्याकाळी येतो, "उद्या तुमचा नंबर." नंबर हुकला की मशीन पुढे गेलं, ते पुन्हा कधी येईल ते त्यालाच माहीत. आठवडाभर आधी कुणाला सांगता येतंय? भाऊजींनी अंदाजानं तारीख टाकली, मशीन आलंच नाही. रजा संपवून ते गेले आणि मागून मशीन आलं. ट्रॅक्टरवर बसायला भाड्याचा माणूस हातापाया पडून आणावा लागला.

म्हणून यंदा त्यांनी शक्कल लढवली. मशीनवाल्याचा फोन आल्याबरोबर साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला: वडील अचानक आजारी, ताबडतोब निघावं लागत आहे. घरच्या आजारपणाला आधी सांगायची अट नाही ना! आणि पहाटे घरी हजर. आम्हाला म्हणाले, "मिळाली रजा." सासऱ्यांनी विचारलं, "कापणीची म्हटल्यावर हसले नाहीत ना या वेळी?" भाऊजी म्हणाले, "नाही." बस्स, एवढंच.

आमचे हे ट्रक चालवतात, त्या वेळी ते दूर कुठेतरी होते. त्यामुळे कापणीला आम्ही तिघंच. मशीनला वळायला जागा लागते, म्हणून शेताचे चारी कोपरे आधी विळ्यानं कापून ठेवायचे, ते काम सासऱ्यांचं. मशीनची टाकी भरली की ट्रॉली बाजूला लावून गहू ओतून घ्यायचा, ट्रॅक्टर भाऊजींकडे. आणि ताडपत्री, पोती, सुतळी माझ्याकडे. तिघांतला एक जरी कमी पडला तरी सगळं खोळंबतं. गहू तर असा वाळला होता की ओंबी हातात घेतली की दाणे गळायचे. त्यात आभाळ भरून आलेलं.

सासरे अनवाणीच तीन कोपरे कापून पाणी प्यायला घरी आले होते. भाऊजी ट्रॅक्टर सुरू करायला निघाले, तेवढ्यात अंगणात पांढरी मोटार थांबली. भाऊजींचा चेहरा असा उतरला की मला वाटलं पोलीस आले.

"साहेब आहेत," ते कुजबुजले. "वहिनी... मी लिहिलंय, बाबा आजारी आहेत म्हणून."

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! मी त्यांना चांगलं फैलावर घेणार होते. "भाऊजी, धडधाकट बापाला आजारी पाडलंत? अहो, जिभेला काही..." पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सासऱ्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मुलाकडे एकदा पाहिलं, आतल्या खोलीत गेले, खाटेवर आडवे झाले आणि गळ्यापर्यंत पांघरूण ओढून घेतलं. या माणसाला दिवसाउजेडी आडवं झालेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं.

साहेब हातात फळांची पिशवी घेऊन आत आले. भला माणूस. म्हणाले, "याच बाजूला तपासणीला आलो होतो, म्हटलं वडिलांना बघून जावं." खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले, मी चहा दिला. सासऱ्यांनी आवाज बारीक केला. "बरं वाटतंय आता... तुम्ही कशाला त्रास घेतला." आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस. धड खोकतासुद्धा येईना. मला हसूही येत होतं आणि रडूही.

तेवढ्यात मला दिसलं, पांघरूण आखूड पडलं होतं. सासऱ्यांची पावलं बाहेर. त्यावर शेतातली माती, बोटांच्या बेचक्यांत गव्हाची कुसळं, आणि घोट्याजवळ धसकटानं खरचटून आलेलं ताजं रक्त. साहेबांचीही नजर तिथेच गेली. क्षणभर ते बघत राहिले. मग वाकून त्यांनी पांघरूण खाली ओढलं आणि दोन्ही पावलं नीट झाकली. अगदी लहान मुलाची झाकावीत तशी. आणि पुन्हा मागे टेकून बसले.

माझी खात्री झाली, यांना कळलं. भाऊजी भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होते, त्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही.

मग रस्त्यावरून मशीनची घरघर ऐकू आली. मशीनवाला दारातूनच ओरडला, "काका, चला! तुमचा नंबर! ट्रॉली कुठंय?"

साहेबांनी भाऊजींकडे पाहिलं. म्हणाले, "आणखी थोडा चहा मिळेल का?" मी चुलीपाशी गेले, पण कान तिकडेच. भाऊजी आता बोलतील, म्हणून मी चहा मुद्दाम हळू केला. शेवटी मीच पदर खोचून बोलायला आले, तर सासऱ्यांनी खाटेवरूनच डोळे मोठे केले. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. पोराची झाकली मूठ उघडू नकोस, एवढंच. आणि सगळ्या गावाला ऐकवणारी मी, मुकाट्यानं कप ठेवून मागे सरले.

मशीनवाला आत डोकावला. "अहो काका, माझ्यामागे रांग लागलीय. कापायचं की नाही?"

सासरे म्हणाले, "मला बरं नाही. नंबर पुढच्याला दे."

घरघर लांब लांब गेली. सासरे छताकडे बघत होते. साहेबांनी चहा तसाच ठेवला, उठले, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. "रजा हवी तेवढी घे," म्हणाले आणि गेले.

मोटार वळली तसे सासरे उठले. विळा घेतला, चौथ्या कोपऱ्याकडे गेले आणि तिथूनच हातानं कापायला लागले. भाऊजी मशीनमागे धावले, पण ते पुढच्या शेतात उतरलं होतं. परत आले आणि तेही विळा घेऊन बापाच्या शेजारी बसले. आम्ही तिघं दिसेनासं होईपर्यंत कापत होतो. रजा होती तेवढे दिवस कापलं. भाऊजींचे तळवे फोडांनी भरले. तरी निम्मं शेत उभं असतानाच पाऊस आला. तो गहू काळा पडला, माणसानं खाण्यासारखा राहिला नाही, गुरांना घातला. आणि बांधावर जो तो विचारायचा, "काय हो, घरी आलेलं मशीन कसं सोडलंत?" तर सासरे सांगायचे, "मला बरं नव्हतं." शेजाऱ्याला तेच, मशीनवाल्याला तेच, ट्रकवरून आलेल्या आपल्या थोरल्या मुलालासुद्धा तेच.

जायच्या दिवशी भाऊजी हात घासायला बसले नाहीत, फोडच एवढे होते. तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी त्यांना पांघरुणाचं सांगितलं. ते खाली बसले. म्हणाले, "वहिनी, धरणीनं पोटात घेतलं तर बरं होईल."

मी म्हटलं, "धरणी काही घेत नाही. तिच्यावरचा गहू वेळेवर कापला असता तर बरं झालं असतं. आता जाऊन बोला."

आणि बोलले बाई एकदाचे. साहेबांच्या खोलीत जाऊन खरं काय ते सांगितलं. दुसरा अर्ज लिहून दिला, कारण: गव्हाची कापणी. गेलेले सगळे दिवस हक्काच्या रजेत घालून घेतले. पुढच्या सुट्टीला घरी आले तेव्हा ओसरीवर बसून त्यांनी आम्हाला सांगितलं. साहेब म्हणाले होते, "पावलं झाकली तेव्हाच कळलं होतं मला. मशीनही ऐकत होतो. दुसऱ्यांदा चहा कशाला मागितला? तू आत्ता बोलशील, मग बोलशील, म्हणून बसून राहिलो. एक शब्द बोलला असतास तर मीच बाहेर जाऊन मशीन थांबवलं असतं."

मला त्या साहेबांचाही राग आला. वाट बघायला त्यांचं काय जात होतं? गहू आमचा होता. पण कुठल्या तोंडानं बोलू? मलाही सगळं दिसत होतं.

सासरे सुतळीचा गुंता सोडवत बसले होते. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे साहेबांना ठाऊक होतं?"

"हो, बाबा."

"मग मी उगाचच निजलो होतो रे," सासरे म्हणाले.