आधी गुण, मग खुंटी

आनंदराव सरकारी कचेरीत भाषांतरकार होते. इंग्रजी परिपत्रक आलं की त्याचं मराठी करायचं, साहेबांची सही घ्यायची, तालुक्यांना पाठवायचं. सगळी नोकरी सदरमधल्या त्याच कचेरीत, याच कामात गेली. निवृत्तीच्या आधी ते एकदा पारशिवनी तालुक्याला गेले होते. तिथल्या कार्यालयात त्यांनी स्वतः केलेलं परिपत्रक भिंतीवर लावलेलं होतं. एक म्हातारा समोर उभा राहून ते वाचत होता. दोन ओळी वाचून तो बाजूच्या शिपायाला म्हणाला, "हे जाऊ दे गा. तू सांग, काय करा लागते?"

हा प्रसंग त्यांनी मला निदान चार वेळा सांगितला असेल. दर वेळी म्हाताऱ्याला दोष देऊन सुरू करायचे आणि मध्येच विषय बदलायचे. आपलं लिहिलेलं कोणी वाचून त्याप्रमाणे वागलं आहे, हे त्यांना एकदा तरी बघायचं होतं. असं ते कधी बोलले नाहीत, पण नंदनवन वस्तीत त्यांच्या शेजारी राहून मला ते कळलं होतं.

त्र्याऐंशी साली त्यांचा मुलगा रवींद्र याने मँचेस्टरहून एक खेळ पाठवला. मोठा खोका, आत कापडी पिशवी, पिशवीत पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे. तुकड्यांवर हिरवी शेतं, कुठे कुंपण, कुठे विहीर. चार रंगांच्या लाकडी खुंट्या. आणि इंग्रजी नियमांची पुस्तिका.

घरात इंग्रजी येणारे दोघं, आनंदराव आणि बी. ए. करणारी मुलगी लतिका. सिंधूताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, येत नव्हतं. सिंधूताईंचे भाऊ चंपतराव दातांची कवळी बसवायला गावाहून आले होते, त्यांनाही नाही. कवळी बसवणारा डॉक्टर दर वेळी "पुढच्या आठवड्यात या" म्हणायचा, त्यामुळे चंपतरावांचा मुक्काम वाढतच होता. आनंदराव खेळायला तयार नव्हते, म्हणून चौथा खेळाडू म्हणून मला बोलावलं.

लतिकाने पहिल्या दिवशी नियम तोंडी सांगितले. पहिला डाव लतिका जिंकली.

"हे नाही चालायचं," चंपतराव म्हणाले. "नियम सांगणारी तू, जिंकणारीबी तू?"

"मामा, पुस्तकात आहे तेच सांगून राहिली मी!"

"मग पुस्तक मले वाचता आलं पाहिजे. लेखी पाहिजे. मराठीत."

सिंधूताईंनी भावाची बाजू घेतली. "खरं आहे. आणि लिहिणारा माणूस तर घरातच बसला आहे दिवसभर."

आनंदरावांनी चष्मा पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर आलेला आनंद त्यांनी लगेच लपवला. "आठवडा लागेल," ते म्हणाले.

आठवड्याने सात पानं तयार झाली. प्रकरणं पाडलेली, कलमांना आकडे दिलेले. चंपतरावांनी पान उचललं आणि ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचायला लागले.

"क्रीडकाने आपल्या पाळीच्या प्रसंगी स्वतःजवळील फलखंडांपैकी एक फलखंड पटावर यथास्थित स्थापित करावा, परंतु असे की..." ते थांबले. "भाऊजी, फलखंड म्हणजे कोणतं फळ?"

"तुकडा. पुठ्ठ्याचा."

"मग तुकडा काहून नाही लिहिलं?"

"तुकडा हा शब्द फार मोघम आहे, चंपतराव."

खुंटीचं त्यांनी 'निदर्शक दंडिका' केलं होतं. पॉलिटेक्निकला असताना यंत्रांची अशी पुस्तकं मी वाचली होती आणि यंत्र शेवटी मेस्त्रीला विचारूनच सुरू केलं होतं. पण इथे मेस्त्रीच लेखक होता आणि तो प्रश्न विचारू देत नव्हता. काहीही विचारलं की ते म्हणायचे, "पूर्ण वाचा. पुढे आलेलं आहे."

आम्ही कसंबसं वाचून खेळायला बसलो. लतिकाने तोंडी काही सांगायचं नाही, अशी चंपतरावांची अट होती. पाळीचा क्रम असा लिहिला होता: एक तुकडा मांडायचा, जुन्या तुकड्याला चिकटून. मग वाटल्यास मांडलेल्या तुकड्यावर आपली खुंटी ठोकायची. मग पिशवीतून नवा तुकडा काढायचा. गुणदान पाचव्या प्रकरणात, सगळ्यात शेवटी, अनुसूचीसह. चहूबाजूंनी कुंपण पडलं की शेत बंद. बंद शेतातल्या प्रत्येक तुकड्याला एक गुण, विहीर असलेल्याला दोन. ज्याच्या खुंट्या त्या शेतात जास्त, सगळे गुण त्याचे. बरोबरी झाली तर कोणालाच काही नाही.

खेळ पुढे सरकेना. मी एक छोटं शेत बांधत आणलं, त्यात माझी एक खुंटी. सिंधूताईंनी शेवटचा तुकडा लावून ते बंद केलं आणि त्यावर स्वतःची खुंटी ठोकली. मग मोजणी. एकास एक, बरोबरी. गुण कोणालाच नाहीत. पुढच्या फेरीत मी त्यांच्या शेताचं तेच केलं. चंपतरावांनी लतिकाचं केलं, लतिकाने मामाचं. कोणी शेत बांधायला गेलं की बाकीचे ते बिघडवायला टपून. अर्धी संध्याकाळ गेली, पाटीवर चौघांचे मिळून तीन गुण.

"इंग्रज लोक असं खेळतेत?" चंपतराव कवळी नसलेल्या तोंडाने म्हणाले. "म्हणून गेले असतीन इथून."

"वाचणाऱ्यांची चूक आहे," आनंदराव खुर्चीतून म्हणाले. ते खेळत नव्हते. ते पंच होते. "मजकूर स्पष्ट आहे."

"स्पष्ट असता तर तुम्हाले दर मिनिटाला विचारा लागलं असतं का?" सिंधूताई म्हणाल्या.

"तुम्ही पूर्ण वाचत नाही!"

"पूर्ण वाचेपर्यंत सकाळ होईल. उद्यापासून लतिका सांगेल तसं खेळू. चंपत, तू गप राहा."

लतिकाने खोका आवरायला घेतला. आनंदरावांनी सात पानं अशी उचलली की मला बघवेना. मी निरोप घ्यायला उठलो.

तेवढ्यात सिंधूताईंनीच विचारलं, "एक सांगा. मोजायचं नेमकं केव्हा? तुकडा लावल्यावर का खुंटी ठोकल्यावर?"

"प्रकरण पाच."

"प्रकरण नका सांगू हो. हातात खुंटी आहे, समोर शेत बंद झालं आहे. मी काय करू?"

"मूळ मजकुरात असेल तेच मी लिहिलं आहे. दाखवतो." आनंदरावांनी इंग्रजी पुस्तिका उघडली, आपलं बरोबर आहे हे दाखवायला. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

लतिका वाकून बघत म्हणाली, "बाबा, इथे तर मोजणी मध्ये आहे. तुकडा लावा, शेत बंद झालं तर लगेच गुण घ्या, मग खुंटी. आणि मोजलेल्या शेतात नवी खुंटी नाही. मी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं!"

"मला माहीत आहे ते."

"मग काढलं काहून?"

"काढलं नाही. हलवलं. आकडे, दर, गुण हे सगळं अनुसूचीत शेवटी जातं. कार्यवाही आधी, दर नंतर. अशीच पद्धत आहे. मसुदा तयार करण्याची."

"अहो, मग त्या परिपत्रकांमध्येबी असंच हलवत होता?" सिंधूताईंनी विचारलं.

आनंदराव एकदम चिडले. परिपत्रकाची गोष्ट वेगळी, सरकारी भाषा वेगळी, तुम्हाला नुसता खेळ हवा, शिस्त नको, असं बरंच बोलले. चंपतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊजी, मी वाचतो. मी अडलो तिथं तुम्ही बदला. नाहीतर हे पोरीच्या हाती जाईन आन् मी एकबी डाव जिंकणार नाही."

पुढचे दिवस वैतागाचे होते. रोज संध्याकाळी चंपतराव मोठ्याने वाचायचे, अडायचे, आनंदराव भांडायचे आणि मग खोडायचे. 'क्रीडक' गेला, 'खेळणारा' आला. 'दंडिका'साठी दोन दिवस वाद झाला. 'परंतु असे की' शेवटपर्यंत सुटेना. आनंदरावांचं म्हणणं, अपवाद सांगायचा तर त्याशिवाय सांगताच येत नाही. चंपतराव म्हणाले, "मी तुम्हाले म्हणतो, चहा घ्या, पण बशी गरम आहे. याले काय परंतु असे की पाहिजे?" आनंदरावांनी रागाने खोडलं, इतक्या रागाने की कागद फाटला आणि ते पान परत लिहावं लागलं. लतिका मला म्हणाली, "एवढ्यात तर मामाले इंग्रजी शिकवून झालं असतं."

शेवटी एकच पान उरलं. पाळीच्या चार ओळी. पहिली: एक तुकडा लावा. दुसरी: शेत बंद झालं तर आधी गुण मोजा, त्यातल्या खुंट्या ज्याच्या त्याला परत द्या. तिसरी: वाटलं तर लावलेल्या तुकड्यावर खुंटी ठोका, पण मोजलेल्या शेतात नाही. चौथी: पिशवीतून एक तुकडा काढा. खाली गुण कसे मोजायचे ते.

रविवारी आनंदराव स्वतः खेळायला बसले, लतिकाच्या जागी. पान सिंधूताईंच्या मांडीवर होतं. डाव छान सुरू झाला. शेतं मोठी व्हायला लागली, गुण पडायला लागले. चंपतराव पुढे होते आणि दर पाळीला ते सांगतही होते.

मधोमध दोन विहिरींचं एक मोठं शेत तयार झालं होतं. त्यात आनंदरावांची एक खुंटी आणि चंपतरावांची एक. आनंदरावांना नेमका हवा तो तुकडा आला. त्यांनी तो लावला, शेत बंद झालं, आणि त्यांनी झटकन दुसरी खुंटी उचलून त्यावर ठोकली.

"दोनास एक," ते म्हणाले. "मोज गं लतिका."

"खुंटी उचला," सिंधूताई म्हणाल्या.

"काय?"

"खुंटी उचला म्हणते. आधी मोजणी." त्यांनी पान समोर धरलं, पण त्यांच्या हातात दिलं नाही. "दुसरी ओळ. शेत बंद झालं तर आधी गुण मोजा. एकास एक. कोणालेच काही नाही."

"अगं, हा नियम दुसऱ्याने येऊन बिघडवू नये म्हणून आहे. माझी खुंटी तिथे आधीपासून होती. नियमाचा उद्देश वेगळा आहे!"

"उद्देश कुठं लिहिला आहे?"

"लिहिला नाही, पण मी सांगतो ना! हे लिहिलंय कोणी?"

"कोणी का लिहिलं असेना," चंपतराव म्हणाले. "आम्ही कागद पाहतो."

"इंग्रजी पुस्तिका आण गं. मूळ मजकुरात बघू."

"इंग्रजी आम्ही नाही ओळखत, भाऊजी. आमचं हेच."

आनंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे पाहिलं. तिथे काहीच मोघम नव्हतं. त्यांनी कपाळावर हात मारला, या घरात एक वाक्य धड वाचत नाहीत आणि वाचायला लागले की असं वाचतात, असं काहीतरी पुटपुटले आणि खुंटी उचलली. मग दुसरीही. चंपतरावांनीही आपली परत घेतली. दोन विहिरींचं शेत फुकट गेलं.

आनंदरावांनी पिशवीकडे हात नेला आणि तो मध्येच थांबवला.

"आता तुकडा काढू का?"

सिंधूताईंनी ओळीवर बोट ठेवलं. "चौथी. काढा."

त्यांनी काढला.