शेजारचं घर

आमचे मामा न्हावी. पस्तीस वर्षं त्यांनी जग आरशात बघितलं, त्यामुळे उलटी अक्षरं त्यांना सुलटीच वाटतात. साठीला टेकल्यावर कीबोर्ड शिकायचं खूळ डोक्यात घेतलं. मामी समूहगायनात गायच्या; एकदा तरी त्यांच्यामागे वाजवायचं, एवढीच हौस.

गायनाच्या मास्तरांनी त्यांना गाण्याच्या बारा पट्ट्यांचं वर्तुळ काढून दिलं. वर सी मेजर, एकही शार्प-फ्लॅट, म्हणजे चढा-उतरता सूर, नाही. सीच्या उजवीकडे जी, एक शार्प. पुढे डी, दोन. डावीकडे एफ, एक फ्लॅट. पुढे बी फ्लॅट, दोन. सीच्या आतल्या कड्यात ए मायनर.

"म्हणजे घर तेच, सूर तेच, फक्त तोंड पाडून बसलेला," मामा म्हणाले. "आमच्या मेव्हण्यासारखा!"

हजामत करताना पाठ व्हावं म्हणून कागद त्यांनी मागच्या भिंतीला चिकटवला आणि तीन महिने आरशात वाचला. गिऱ्हाइकांचे कल्ले कमी-जास्त झाले, पण वर्तुळ पक्कं झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मास्तरांचा अंगठा दारात चेमटला. वाजवणार कोण? मामा! सरावाला वेळच नव्हता.

"सीने सुरू करा," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या कडव्याला मी बोट करीन, त्या बाजूच्या शेजाऱ्याकडे जा. मंडळी तुमचा सूर धरतील."

दुसऱ्या कडव्याची वरची ओळ मामींची, एकटीची. त्या सकाळपासून पाण्याचे घोट घेत होत्या. आवाज फाटला तर सगळ्या गल्लीसमोर शोभा होणार होती.

पहिलं कडवं बरं गेलं. मास्तरांनी उजवीकडे बोट केलं. मामांनी डोळे मिटले, आरसा आठवला आणि ठामपणे एफ दाबला.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मंडळींनी मात्र मुकाट एफचा सूर धरला. मग मामी उभ्या राहिल्या आणि ती ओळ अशी मोकळी गायल्या, की मला रडू आलं. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी मास्तर दाढीला बसले. समोर आरशात बघितलं आणि फेस लावलेल्या तोंडाने ओरडले, "अहो, इथे जी डावीकडे दिसतोय!"

मामांनी गालावरचा वस्तरा उचलला. "म्हणजे मी सगळं चुकीचं वाजवलं?"

"शेजाऱ्याकडेच गेलात हो, पण पलीकडच्या."

मामा खजील होऊन कागद उपटायला गेले. डबा घेऊन आलेल्या मामी दारातूनच म्हणाल्या, "हात लावू नका त्याला. जीच्या पट्टीत ती ओळ मला दोन महिन्यांत एकदाही लागली नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, सरावाने लागेल. काल तर वाजवायला तुम्हीच बसलात, एवढे खपून. म्हटलं, फाटला आवाज तर फाटला."

मास्तरांच्या अर्ध्याच गालाची दाढी झाली होती, तरी वस्तरा ठेवून मामा मामींसमोर जाऊन बसले आणि डबा उघडला.